हरवलेल्या माणसाचा जुना फोटो : कोणाला दाखवावा, किती दाखवावा

घरातले माणूस हरवले की पहिली धाव अल्बमकडे जाते. लग्नातला, यात्रेतला, शाळेच्या गॅदरिंगमधला जो फोटो हाती लागेल तो आधी पोलिसांना दिला जातो आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला जातो. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावातून पुणे, छत्रपती संभाजीनगर, सुरत इथे कामाला गेलेली आणि पुढे संपर्क तुटलेली माणसे काही नवी नाहीत. अशा माणसाचा शोध वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सुरू होतो तेव्हा घरच्यांकडे तेवढा एक जुना फोटोच उरलेला असतो. तो सगळीकडे पसरवावा की जपून वापरावा, यावर पोलीस, न्यायालये, बालहक्क कार्यकर्ते आणि मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्था यांच्यात एकमत नाही. ही चर्चा आज कुठवर आली आहे आणि सामान्य घराने त्यातून काय घ्यावे, ते इथे मांडले आहे.

आधी काय होते

एके काळी हा प्रश्नच उभा राहत नव्हता, कारण फोटो पसरवणे सोपे नव्हते. रेल्वे स्थानकावरचा कागद, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची चौकट किंवा दूरदर्शनवर दाखवले जाणारे हरवलेल्यांचे फोटो, एवढ्याच वाटा होत्या. त्या काळातली मोठी तक्रार होती ती फोटो वेळेत कुठे पोचतच नाही, ही.

‘होरीलाल विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये दिलेले निर्देश याच तक्रारीवरचे उत्तर होते. हरवलेल्याचा फोटो वर्तमानपत्रात आणि दूरचित्रवाणीवर लवकरात लवकर, उशिरात उशिरा आठवडाभरात, दिला जावा आणि रेल्वे स्थानक, बस स्थानक अशा ठिकाणी लावला जावा, असे त्यात होते. त्याच निर्देशांत एक अपवादही होता. मुलीचा फोटो, ती अल्पवयीन असो की सज्ञान, आईवडिलांच्या किंवा पालकांच्या लेखी संमतीशिवाय छापू नये. म्हणजे फोटो पसरण्यात धोका असतो, हे तेव्हाच मान्य झाले होते. मात्र सज्ञान बाईच्या फोटोवर संमती तिच्या आईवडिलांची का, हा प्रश्न तिथेच राहून गेला.

पुढच्या कायद्यांनी फोटो जपण्याची बाजू बळकट केली. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असा तपशील किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्याला आहे. हरवलेले आणि पळून गेलेले मूल कायद्याच्या याच व्याख्येत बसते. मुलाच्या हिताचे असेल तर कारण लेखी नोंदवून बाल कल्याण समिती परवानगी देऊ शकते. पालक न सापडलेल्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात देण्याची तरतूद दत्तक नियमावलीतच आहे, पण ते काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे आहे. मनोरुग्णांच्या बाबतीत मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ सांगतो की, उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये. त्याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण सापडला तर हरवल्याची नोंद करून त्याचे घर शोधण्याची जबाबदारी ठाणेदारावर येते.

तीन भूमिका

पहिली भूमिका जास्तीत जास्त प्रसिद्धीची. तिच्या बाजूने सांगण्यासारखे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. २२ जानेवारी २०१३ रोजी अंधेरीतून सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवर नाहीशी झाली. डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र धोंडू भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींचा शोध होता. त्यातल्या १६५ सापडल्या आणि ही एक राहिली. निवृत्तीनंतरही भोसले यांनी तिचा शोध सोडला नाही. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली, तेव्हा सोळा वर्षांची होती आणि अंधेरीच्याच परिसरात राहत होती. सोबत काम करणाऱ्या एका बाईच्या मदतीने तिने इंटरनेटवर आपले नाव शोधले, तेव्हा २०१३ चे ‘हरवली आहे’ हे पत्रक तिच्यासमोर आले. पत्रकावरचे बहुतेक फोन बंद पडले होते. एका शेजाऱ्याचा क्रमांक तेवढा चालू निघाला आणि त्यावरून घर सापडले.

ही घटना दोन्ही अंगांनी वाचावी लागते. फोटो नऊ वर्षे सार्वजनिक राहिला नसता तर मुलगी घरी आली नसती. पण तो फोटो पाहून तिला ओळखणारे नऊ वर्षांत कोणी निघाले नाही. शेवटी फोटो ओळखला तो तिनेच. आणि पत्रकावर चालू राहिलेला एक फोन नसता तर तेवढ्यानेही काम झाले नसते.

दुसरी भूमिका मर्यादित वापराची. फोटो पसरला की तो कोणाच्या हाती पडेल यावर ताबा राहत नाही, हे तिचे म्हणणे. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई किंवा घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेले जोडपे यांचा माग काढायलाही ‘हरवली आहे’ हेच पत्रक वापरले जाते. अफवांचा धोका वेगळाच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. मागचे काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश आणि चित्रफिती मोबाइलवर फिरत होत्या. हरवलेल्या मुलाचा जुना, तारीख नसलेला फोटो ‘आजच पळवले’ अशा ओळीसह पुन्हा फिरू लागला की तोही अशा अफवेला खतपाणी घालतो. या बाजूचा प्रतिवाद असा केला जातो की, सगळे बंद दाराआड ठेवले तर गरीब घरचा शोध ठाण्याच्या रजिस्टरातच पडून राहील. हा प्रतिवाद पोकळ नाही.

तिसरी भूमिका मधली आहे. फोटो लोकांपुढे नको, पोलिसांच्या संगणकावर जाऊ द्या आणि बालगृहांतल्या मुलांशी यंत्राने ताडून पाहा. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी बालगृहांतल्या सुमारे ४५,००० मुलांचे फोटो चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीतून तपासले आणि चार दिवसांत २,९३० मुलांची ओळख लागल्याचे सांगितले गेले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात याच प्रणालीची अचूकता अवघी दोन टक्के असल्याचे पुढे आले. दुसऱ्या बाजूला, तेलंगण पोलिसांच्या ‘दर्पण’ या साधनाने २०२० मध्ये एक जुळणी अचूक करून दाखवली. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातून हरवलेला मुलगा आसामातल्या गोलपाड्याच्या बालगृहात आहे, हे त्यातून कळले. यंत्र शंभर चेहऱ्यांतून पाच पुढे करू शकते, पण त्या पाचांतला आपला कोणता, हे माणसालाच ठरवावे लागते. लहानपणीचा फोटो आणि मोठेपणीचा चेहरा यांत अंतर जितके जास्त, तितकी चूक जास्त.

चौथी वाट युरोपात रेडक्रॉसने काढली आहे. ‘ट्रेस द फेस’ या उपक्रमात हरवलेल्याचा फोटो लावतच नाहीत. शोधणाऱ्याचा फोटो लावतात आणि खाली एवढेच लिहितात की हा माणूस आपल्या भावाला, आईला किंवा मुलाला शोधतो आहे. हरवलेला माणूस तो चेहरा ओळखेल आणि वाटले तर स्वतः पुढे येईल. संमतीचा पेच यात बऱ्याच अंशी सुटतो, मात्र लहान मूल किंवा भान हरपलेला माणूस यांना या वाटेचा उपयोग नाही.

फोटोची तयारी

भूमिका कुठलीही मान्य करा, फोटोची तयारी सगळ्यांना सारखीच करावी लागते. मूळ फोटो कोणालाही द्यायचा नाही. अल्बमला चिकटलेला असेल तर ओढून काढायचा नाही, अल्बमचे पानच स्कॅनरवर ठेवायचे. पासपोर्ट आकाराच्या किंवा घोळक्यातल्या लहान चेहऱ्यासाठी ६०० डीपीआयला स्कॅन करावे. मोबाइलने पुन्हा फोटो काढला तर चमक येते आणि चेहरा ताणला जातो. फोटोच्या मागच्या बाजूचेही स्कॅन हवे. तिथे स्टुडिओचा शिक्का, गाव किंवा पेनाने लिहिलेली तारीख असते आणि वय ठरवायला तोच आधार होतो.

नंतर फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पाहावे. निगेटिव्ह उलटी धरली गेली तर उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर येतो आणि सगळे वर्णन चुकते. ओळखायची खूण सोपी आहे. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, घड्याळ बहुधा डाव्या मनगटावर आणि आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर. हे सगळे त्या माणसाच्या उजव्या अंगाला दिसत असेल, किंवा मागच्या पाटीवरची अक्षरे उलटी असतील, तर फोटोच उलटा आहे.

घोळक्यातल्या फोटोतून एकट्याचा चेहरा कापून घ्यावा. बाकीची माणसे, विशेषतः मुले, शाळेचा गणवेश, घराचा दरवाजा, गाडीचा नंबर यांतले काही बाहेर जाणाऱ्या प्रतीत नको. न कापलेली प्रत तपास करणाऱ्या अंमलदाराकडे द्यावी. स्टुडिओत चेहरा गोरा, गुळगुळीत करून घेतलेली प्रत ओळखीला निरुपयोगी असते, कारण जखमेचा व्रण आणि तीळच त्यात पुसले जातात. वय वाढवून काढलेले चित्र ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत हरवलेल्या मुलांच्या राष्ट्रीय केंद्रात चित्रकार आईवडिलांचे त्या वयातले फोटो पाहून मुलाचा चेहरा दर दोन वर्षांनी आणि सज्ञान झाल्यावर दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. असे चित्र वापरायचे तर मूळ फोटोशेजारी ठेवून, ‘अंदाजे’ असे लिहूनच वापरावे.

साखरखेर्ड्यातून शोध कसा निघेल

एक उदाहरण धरू. समजा, साखरखेर्ड्याच्या एका घरातला मधला भाऊ १९९९ मध्ये कामाला म्हणून सुरतेला गेला आणि दोन वर्षांनी पत्रे थांबली. घरी १९९६ च्या लग्नातला घोळक्याचा एक फोटो आहे. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, म्हणजे आज साठीच्या जवळ आला. लहानपणी कडबाकुट्टीत त्याच्या डाव्या हाताच्या करंगळीचे पेर गेले आहे, पण फोटोत तो हात मागे आहे.

पहिले काम ठाण्यात अर्ज देण्याचे. साखरखेर्ड्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आहे, तसेच इतकी वर्षे झाली म्हणून तक्रार घेता येत नाही, असेही नाही. सज्ञान माणसासाठी ‘मिसिंग’ची नोंद होते. अठरा वर्षांखालचे मूल असेल तर २०१३ च्या ‘बचपन बचाओ आंदोलन’ निकालानुसार थेट गुन्हा नोंदवावा लागतो. अर्जात फोटो कोणत्या वर्षीचा, तेव्हाचे वय, उंची, बोली, शेवटचा पत्ता, सोबत गेलेल्यांची नावे आणि करंगळीची खूण, एवढे यावे. २००१ च्या सुमारास कोणी तक्रार दिली होती का, हेही विचारून घ्यावे, कारण जुनी नोंद असेल तर शोध तिथूनच पुढे जातो. मिसिंगचा क्रमांक, तपास अंमलदाराचे नाव आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

या क्रमांकाचे महत्त्व फोटोपेक्षा कमी नाही. नोंद पोलिसांच्या संगणक जाळ्यात गेली की दुसऱ्या जिल्ह्यातले ठाणे ती पाहू शकते. अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी ताडणी होते ती याच वाटेने. हा भाग घरच्यांना जड जातो आणि बहुधा टाळला जातो. पण फोटो गावोगाव नेण्याआधी ही ताडणी झालेली बरी. मृतदेहाच्या फोटोवरून ओळख पटवणे मात्र धोक्याचे असते, कारण मृत्यूनंतर चेहरा लवकर बदलतो. ‘हाच तो’ असे घरच्यांना वाटले तरी डीएनए तपासणीचा आग्रह धरावा. आईवडील हयात असतील तर त्यांचा नमुना सर्वांत उपयोगी ठरतो.

दुसरे काम, फोटो हातात घेऊन नेमक्या माणसांना दाखवण्याचे. सुरतेला त्याच वर्षांत गेलेले गावकरी, मुकादम, खोलीमालक यांनी तो चेहरा त्याच वयात पाहिलेला आहे, त्यामुळे जुना फोटो त्यांच्यासाठी जुना नसतो. सरू ब्रायर्ली यांचे उदाहरण इथे पटते. १९८६ मध्ये लहानपणी रेल्वेत बसून कोलकात्याला पोचलेला खांडव्याचा हा मुलगा ऑस्ट्रेलियात दत्तक गेला. २०१२ मध्ये तो खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीत परतला तो स्वतःचा लहानपणीचा फोटो घेऊन. वस्तीतल्यांना तो दाखवला आणि त्यांनी त्याला आईपर्यंत नेले. गाव त्याने उपग्रहाच्या नकाशांवरून आधीच हुडकले होते. फोटोची गरज पडली ती शेवटच्या टप्प्यावर आणि ओळखणाऱ्यांच्याच वस्तीत.

भाऊ भान हरपून भटकत असेल अशी शंका असेल तर संस्थांकडे जावे. बुलढाणा जिल्ह्यातच चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथे सेवासंकल्प प्रतिष्ठान निराधार मनोरुग्णांसाठी काम करते. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, तिथून बरे झालेले रुग्ण देशभरातल्या घरी पोचवले जातात. इथे पद्धत महत्त्वाची. आपला फोटो आणि मिसिंगचा क्रमांक त्यांना द्यावा आणि पाहणी त्यांनाच करू द्यावी. तिथल्या रुग्णांचे फोटो मोबाइलवर काढून गावच्या ग्रुपवर टाकणे कायद्यात बसत नाही आणि त्या रुग्णांच्या दृष्टीने बरेही नाही.

पत्रक काढायचे ते सगळ्यांत शेवटी आणि तपास अंमलदाराला विचारून. पत्रकावर चेहरा, फोटोचे वर्ष, आजचे अंदाजे वय, मिसिंगचा क्रमांक, ठाण्याचा फोन आणि पत्रक काढल्याची तारीख असावी. घरचा पत्ता, नातेवाइकांची नावे आणि बक्षिसाची रक्कम नको. करंगळीची खूण मुद्दाम लिहायची नाही. ती घरी आणि ठाण्यातच राहू द्यावी.

फोन आल्यावर

राखून ठेवलेली खूण उपयोगी पडते ती इथे. पत्रक निघाले की फोन येतातच. काही चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीतून, तर काही पैशासाठी. फसवणारा माणूस पत्रकावर दिसते तेवढेच सांगतो. मिशा होत्या, पांढरा शर्ट होता, बुलढाण्याकडचा बोलत होता. डाव्या हाताबद्दल विचारले की तो विषय बदलतो, फोन ठेवतो किंवा ‘मी नीट पाहिले नाही’ म्हणतो. पाठोपाठ गाडीभाडे, दवाखान्याचे बिल, ‘सोडवायचे पैसे’ यांची घाई सुरू होते. त्याला सांगायचे एकच की, माणसाला घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा, तिथून साखरखेर्डा ठाण्याला फोन लावायला सांगा. खरा माणूस याला सहसा हरकत घेत नाही. ओळख पटेपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत आणि एकट्याने भेटायला जायचे नाही.

खुणा विचारताना प्रश्नातच उत्तर देऊ नये. ‘करंगळी तुटलेली आहे ना?’ असे विचारले की समोरचा ‘हो’च म्हणणार. ‘दोन्ही हातांचे वर्णन करा’ असे विचारावे. व्हिडीओ कॉल झाला तरी वीस वर्षांच्या विरहानंतर प्रत्येक चेहऱ्यात भाऊ दिसू लागतो, म्हणून आईआधी तटस्थ राहू शकेल असा नातेवाईक बोललेला बरा. कधी ओळख फोटोशिवायच लागते. २०२१ मध्ये नागपुरात वाढलेल्या एका हरवलेल्या मुलाची आधार नोंदणी होईना, कारण त्याच्या बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले. त्यावरून त्याचे जबलपूरचे घर दहा वर्षांनी सापडले.

माणूस सापडला की लावलेली पत्रके उतरवायची, ग्रुपवर ‘सापडला’ असे त्याच जुन्या संदेशाखाली कळवायचे आणि ठाण्यातली नोंद बंद करून घ्यायची. नाही तर तोच फोटो पुढे पाच वर्षे फिरत राहतो.

काय सुटलेले नाही

सर्वांत अवघड प्रश्न सज्ञान माणसाच्या मर्जीचा आहे. भाऊ सुरतेत सापडला, धडधाकट आहे, पण परत यायचे नाही म्हणाला, तर पोलीस त्याचा जबाब घेतात आणि तो सुखरूप असल्याचे घरी कळवून नोंद बंद करतात. त्याला बळजबरीने आणता येत नाही. पण तोवर त्याचा फोटो शेकडो मोबाइलवर गेलेला असेल तर त्याची मर्जी कळून उपयोग काय, याचे समाधानकारक उत्तर कुठल्याच नियमात नाही. होरीलाल निकालाने मुलींच्या फोटोला संमती देण्याचा अधिकार पालकांकडे ठेवला आणि नंतरच्या कायद्यांनी मुले व मनोरुग्ण यांच्यापुरता फोटोचा वापर आवरला. धडधाकट सज्ञान माणूस मधेच राहिला.

दुसरा प्रश्न पत्रकाच्या आयुष्याचा. मुंबईच्या मुलीला नऊ वर्षे टिकलेल्या पत्रकाने घर दिले, पण ती सापडताच तिचा फोटो आणि नाव जपण्याची जबाबदारी कायद्याने सगळ्यांवर आली. या लेखात तिचे नाव नाही ते त्याचमुळे. एकदा इंटरनेटवर गेलेले पत्रक मागे कोणी घ्यायचे आणि कसे, हे ठरलेले नाही. तिसरा प्रश्न यंत्राने केलेल्या जुळणीचा. किती साम्य आढळले म्हणजे घरच्यांना कळवावे आणि चुकीची आशा लावल्याची जबाबदारी कोणाची, यावर देशात अजून एकसारखा नियम नाही.

हे प्रश्न सुटेपर्यंत वेगवेगळ्या बाजूंच्या अनुभवातून एक क्रम मात्र निघतो. आधी नोंद, मग ताडणी, मग ओळखणाऱ्या मोजक्या माणसांना फोटो आणि सगळ्यात शेवटी पत्रक. मूल, मनोरुग्ण किंवा घरातून जीव वाचवून गेलेली बाई असेल तर शेवटची पायरी घरच्यांनी आपल्या मनाने चढू नये. ती बाल कल्याण समितीवर किंवा पोलिसांवर सोपवावी.